कॉल विकलेत, शेअरही धरलेत, तरी दोन्हीकडून लॉस? डेल्टा-गॅमा हेजचा बिघाड कसा शोधायचा

हा प्रॉब्लेम माझ्याकडे इतक्यांदा येतो की आता लिहूनच टाकतो. कोणीतरी शेअरचे कॉल विकलेले असतात, कुठेतरी वाचून डेल्टाएवढे शेअर घेतलेले असतात, आणि मग दोन-चार दिवसांनी स्क्रीनशॉट येतो की हेज आहे तरी पैसे जातायत, नक्की किती शेअर धरू. खालचं सगळं एनएसईवरच्या स्टॉक ऑप्शन्सबद्दल आहे, इंडेक्सबद्दल नाही, कारण इंडेक्सला शेअर धरायचा प्रश्नच येत नाही.

आधी लक्षणं

बरेच जण इथेच गडबड करतात, सरळ आकडेमोडीत घुसतात. त्याआधी लॉस कुठल्या बाजूला होतोय ते बघा, त्यावरून अर्धं निदान होतं.

शेअर एका बाजूला गेला की मोठा लॉस आणि दुसऱ्या बाजूला गेला की जवळपास तसाच मोठा नफा, असं असेल तर तुमची शेअरची संख्या चुकलीय. गॅमाचा विचार करायची अजून वेळच आलेली नाही.

वर गेला तरी लॉस, खाली आला तरी लॉस, आणि जागच्या जागी बसला की थोडा थोडा नफा, असं असेल तर संख्या बरोबर आहे आणि तुम्हाला गॅमा चावतोय. याचंच दुसरं रूप म्हणजे रोज शेअर महाग घेताय आणि स्वस्तात विकताय असं वाटत राहणं.

शेअर हललाच नाही आणि तरी लॉस, तर आयव्ही वाढलीय, म्हणजे शेअर पुढे किती हलेल याची ऑप्शनच्या भावात धरलेली अपेक्षा वाढलीय. त्यावर शेअर घेऊन-विकून काहीही होत नाही, कितीही घ्या.

आणि गॅमा हेज म्हणून दुसरं ऑप्शन घेतलं आणि त्यानंतर लॉस उलट मोठा व्हायला लागला, तर शंभरातल्या नव्वद वेळा एकच गोष्ट झालेली असते, ती खाली चौथ्या तपासणीत सांगतो.

एक केस धरून चालू

आकडे मुद्दाम गोल घेतलेत, कुठल्या खऱ्या शेअरचे नाहीत. शेअर १००० रुपयांवर, लॉट साइज ५००, तुम्ही १००० स्ट्राइकचे ४ लॉट कॉल विकलेत, एक्स्पायरीला ३० दिवस, आयव्ही ३० टक्के, व्याजदर ६.५ टक्के, मधे डिव्हिडंड नाही. ब्लॅक-शोल्सने एका कॉलची किंमत साधारण ३६.९४ येते, म्हणजे २००० कॉलचे हातात आले ७३,८८० च्या आसपास. डेल्टा ०.५४१९, गॅमा ०.००४६१.

डेल्टा म्हणजे शेअर एक रुपया हलला तर कॉल किती हलतो. गॅमा म्हणजे शेअर एक रुपया हलला तर डेल्टा स्वतः किती हलतो. इतकं पुरे.

ब्रोकरच्या ॲपवर विश्वास नसेल तर स्वतः काढून बघा, एवढंच लागतं:

```
from math import log, sqrt, exp, pi, erf

def dg(S, K, days, iv, r=0.065):
    T = days / 365
    v = iv * sqrt(T)
    d1 = (log(S/K) + (r + iv*iv/2) * T) / v
    delta = 0.5 * (1 + erf(d1 / sqrt(2)))
    gamma = exp(-d1*d1/2) / sqrt(2*pi) / (S*v)
    return delta, gamma

print(dg(1000, 1000, 30, 0.30))
```

आयव्ही 0.30 अशी टाकायची, 30 नाही. तीस टाकली तर उत्तर काहीतरी येतंच, एररही येत नाही, आणि तुम्ही त्या उत्तरावर शेअर घेऊन मोकळे होता.

पहिली तपासणी: गुणाकार बरोबर आहे का (खर्च शून्य, दोन मिनिटं)

```
शेअर = लॉट × लॉट साइज × डेल्टा
     = 4 × 500 × 0.5419 = 1084
```

म्हणजे १०८४ शेअर धरायचे. कॉल विकलेला असल्याने तुमचा डेल्टा उणे १०८४ आहे आणि शेअरने तो भरून काढायचा, म्हणून शेअर विकत घ्यायचे. यात तीन जागी माणसं घसरतात. एक, ॲप जो डेल्टा दाखवतं तो काही ठिकाणी एका शेअरमागे असतो, काही ठिकाणी एका लॉटचा आणि काही ठिकाणी सगळ्या पोझिशनचा, आणि माणूस एका लॉटचे २७१ शेअर घेऊन बसतो. दोन, बोनस किंवा स्प्लिट झाला की स्ट्राइक आणि लॉट साइज दोन्ही बदलतात आणि तुमच्या एक्सेलमध्ये जुनाच लॉट साइज राहतो. तीन, डिमॅटमध्ये आधीपासून पडलेले लाँग टर्मचे शेअर हेजमध्ये मोजले जातात किंवा मोजायचे राहून जातात. त्याबद्दल माझं म्हणणं असं की हेजचे शेअर आणि गुंतवणुकीचे शेअर कागदावर तरी वेगळे ठेवा, नाहीतर महिन्याभराने नक्की कशात लॉस झाला ते कोणाला सांगता येत नाही.

इथेच आणखी एक गैरसमज निस्तरतो. कॉल २००० विकले म्हणून शेअरही २००० धरले, तर तो कव्हर्ड कॉल झाला. तो करायला माझी काही हरकत नाही पण ते डेल्टा हेज नव्हे. आपल्या केसमध्ये शेअर त्याच दिवशी ९७० ला आला तर कॉल ३६.९४ वरून २२.७९ वर येतो, कॉलमध्ये सुमारे २८,३०० सुटतात पण २००० शेअरवर ६०,००० जातात, म्हणजे निव्वळ ३१,७०० गेले. तोच १०३० ला गेला तर सुमारे २३,५०० नफा. एका बाजूला मोठा लॉस, दुसऱ्या बाजूला मोठा नफा, म्हणजे वर सांगितलेलं पहिलं लक्षण.

शेअरऐवजी फ्युचर वापरत असाल तर तेही बघा. ५०० च्या पटीतच मिळणार, म्हणजे २ लॉट घेतले तर १००० झाले, वरचे ८४ उघडे राहिले. एवढ्याने कोणी बुडत नाही पण ते उघडे आहेत हे माहीत असू द्या. आणि शेअर आणि फ्युचर दोन्ही घेऊन डबल हेज केलेले लोकही मी बघितलेत, म्हणून एकूण बेरीज एकदा तरी हाताने करा.

दुसरी तपासणी: डेल्टामध्ये घातलेली आयव्ही शिळी तर नाही

ही पण फुकटच आहे, फक्त थोडं खोदावं लागतं. डेल्टा हा कुठे छापून आलेला आकडा नाही, तो तुम्ही घातलेल्या आयव्हीवरून निघतो, आणि स्टॉक ऑप्शनमध्ये लांबच्या स्ट्राइकला शेवटचा सौदा दोन तासांपूर्वीचा असू शकतो. त्या जुन्या भावावरून काढलेली आयव्ही म्हणजे शेअरचा भाव आत्ताचा आणि ऑप्शनचा सकाळचा, अशी खिचडी. बिड आणि ऑफर बघा, दोन्हीच्या मधला भाव घ्या आणि त्यावरून आयव्ही काढा.

याने फरक किती पडतो ते स्ट्राइकवर आहे. ॲट द मनी कॉलला जवळजवळ पडतच नाही, आपल्या केसमध्ये आयव्ही ३० ऐवजी २० धरली तरी १०८४ चे १०९७ होतात, सोडून द्या. पण हेच कॉल १०५० स्ट्राइकचे असते, तर ३० टक्क्यांना ६४४ शेअर आणि २० टक्क्यांना ४६६, म्हणजे पावणेदोनशे शेअरचा फरक. त्यामुळे आउट ऑफ द मनी विकणाऱ्यांनी ही तपासणी सोडू नये, ॲट द मनीवाल्यांनी पटकन बघून पुढे जावं.

आणि शेअर हलत नाहीये पण लॉस वाढतोय हे लक्षण असेल तर उत्तरही इथेच आहे. आपल्या २००० कॉलवर आयव्ही एक पॉइंट वाढली की साधारण २,२७५ रुपये जातात. रिझल्टच्या आधीच्या आठवड्यात आयव्ही ३० ची ३३ झाली तर शेअर जागेवर असतानाही ६,८०० गेले. आयव्ही एक पॉइंट हलली की ऑप्शन किती हलतं त्याला व्हेगा म्हणतात. याला शेअर हा उपायच नाही, शेअरला व्हेगा नसतो.

तिसरी तपासणी: हा बिघाड आहे की सौद्याचा स्वभावच तसा आहे

संख्या बरोबर निघाली, आयव्ही ताजी आहे, तरी वर-खाली दोन्हीकडे लॉस. आता गॅमाचा हिशोब करा. कागद आणि कॅल्क्युलेटर पुरतो.

१०८४ शेअर धरलेत आणि शेअर त्याच दिवशी १०३० ला गेला. कॉल ५५.२० झाला, म्हणजे २००० कॉलवर साधारण ३६,५०० चा लॉस, शेअरवर ३२,५२० नफा, निव्वळ सुमारे ४,००० गेले. ९७० ला आला तर कॉलवर २८,३०० नफा, शेअरवर ३२,५२० लॉस, निव्वळ ४,२०० गेले. बघा, दोन्हीकडे जवळपास सारखाच. तुम्ही हेज अगदी बरोबर केला होता, पण तो बरोबर होता १००० या भावाला. शेअर वर सरकला की कॉलचा डेल्टा वाढतो आणि तुमचे शेअर कमी पडतात, खाली सरकला की डेल्टा घटतो आणि तुमच्याकडे शेअर जास्त होतात, म्हणजे दोन्ही वेळेला चुकीच्या बाजूला.

किती चुकतं ते काढायचं सूत्र सोपं आहे:

```
अपेक्षित लॉस = 0.5 × पोझिशन गॅमा × (भावातला बदल)²
            = 0.5 × 9.23 × 30 × 30 ≈ 4150
```

पोझिशन गॅमा म्हणजे २००० गुणिले ०.००४६१, म्हणजे ९.२३. तुमचा खरा लॉस या आकड्याच्या आसपास असेल तर काही बिघडलेलं नाही, शोधाशोध थांबवा. खूप जास्त असेल तर परत पहिल्या दोन तपासण्यांकडे जा, संख्या किंवा आयव्ही कुठेतरी हललीय. मला विचाराल तर अख्ख्या पोस्टमधली सगळ्यात कामाची ही एकच ओळ आहे आणि नेमकी हीच कोणी करत नाही.

दुसऱ्या बाजूला वेळ तुमच्यासाठी काम करतोय. थीटा, म्हणजे नुसता दिवस सरल्याने कॉल जितका स्वस्त होतो तो, दिवसाला साधारण १,३१७ रुपये मिळतो, त्यातून शेअर धरायला अडकलेल्या पैशाचं व्याज सुमारे १८० वजा करा, राहिले ११३७. आता उलटं विचारा, ०.५ गुणिले ९.२३ गुणिले किती वर्ग केलं की ११३७ येतं? साधारण १५.७० रुपये. म्हणजे दिवसात शेअर १५-१६ रुपयांपेक्षा कमी हलला तर तुम्ही वर, जास्त हलला तर खाली. तीस टक्के आयव्हीचा कॉल विकणं म्हणजे याच आकड्यावर लावलेली पैज आहे. शेअर रोज २५ रुपये हलत असेल तर तुम्ही कितीही सुंदर हेज करा, पैसे जाणारच, कारण कॉल स्वस्तात विकलाय.

मग शेअर बदलायचे कधी? प्रत्येक रुपयाला ९ शेअर बदलतात, दहा रुपयाला ९२. शेअर १०३० ला गेल्यावर नवा डेल्टा ०.६७३, लागणारे शेअर १३४६, म्हणजे २६२ आणखी घ्यायचे. इथे गंमत अशी होते की तुम्ही घेतले आणि शेअर परत १००० ला आला, तर ते २६२ शेअर ३० रुपये लॉसने विकावे लागतात, ७,८६० गेले. काहीच केलं नसतं तर शून्य. पण शेअर १०३० वरून १०६० ला गेला असता तर न बदलणाऱ्याचा लॉस चौपटीकडे गेला असता. पुढे काय होणार ते कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे एक पट्टा ठरवा आणि तो पाळा. आपल्या केसमध्ये मी ठेवला तर १०० शेअरचा ठेवीन, म्हणजे हवे तितके आणि आहेत तितके यातला फरक शंभरच्या वर गेला की बदलायचं, तोपर्यंत हात लावायचा नाही.

पट्टा फार अरुंद ठेवला तर खर्च खातो. डिलिव्हरीला एसटीटी ०.१ टक्का, घेताना पण आणि विकताना पण. २६२ शेअर १०३० ला घेतले की २ लाख ७० हजारांचा सौदा, नुसता एसटीटी २७०, वर स्टॅम्प ड्युटी, ब्रोकरेज, आणि बिड-ऑफरमधला फरक वेगळाच. दिवसाची कमाई ११३७ असताना असे तीन-चार सौदे झाले की बघा काय उरतं. दर पाच मिनिटांनी हेज सारखा करणारे लोक ब्रोकरसाठी काम करत असतात.

चौथी तपासणी: गॅमा हेज केलाय, मग शेअर परत मोजले का

आता पैसे लागतात, म्हणून ही एवढ्या खाली ठेवली. शेअरचा गॅमा शून्य असतो, फ्युचरचाही शून्यच. त्यामुळे शेअर कितीही घ्या, ९.२३ चा उणे गॅमा तसाच राहतो. तो कमी करायचा तर दुसरं ऑप्शन विकत घ्यावं लागतं किंवा विकलेले कॉलच परत घ्यावे लागतात, तिसरा रस्ता नाही.

समजा पुढच्या महिन्याचा १०५० चा कॉल घेतला, ६० दिवस, आयव्ही तीच ३०. किंमत ३२.४२, डेल्टा ०.४००३, गॅमा ०.००३१८. गॅमा पूर्ण शून्य करायला ९.२३ भागिले ०.००३१८, म्हणजे साधारण २९०० कॉल लागतात, लॉटमध्ये ५.८. पाच घ्यायचे की सहा?

सहा घेतले तर ३००० कॉलचा डेल्टा अधिक १२०१. विकलेल्याचा उणे १०८४. बेरीज अधिक ११७. म्हणजे डेल्टा शून्य करायला आधीचे १०८४ सगळे विकून वर ११७ शेअर शॉर्ट करावे लागणार, आणि कॅश मार्केटमध्ये शॉर्ट रात्रभर ठेवता येत नाही, फक्त इंट्राडे चालतं. फ्युचरने करू म्हटलं तर लॉट ५०० चा, ११७ साठी ५०० विकून उलट ३८३ ने उघडे पडाल.

म्हणून पाच. २५०० कॉलचा डेल्टा अधिक १००१, उरला उणे ८३, म्हणजे ८३ शेअर धरायचे. गॅमा उरला उणे १.२८, आधीच्या सातव्या हिश्शापेक्षाही कमी.

आणि इथेच तो शंभरातला नव्वदवाला घोळ होतो. माणूस पाच लॉट कॉल घेतो, गॅमा गेला म्हणून खूश होतो, आणि १०८४ शेअर तसेच ठेवतो. आता त्याच्याकडे १००१ शेअर फुकटचे जास्त आहेत, हेज नाही, सरळ लाँग पोझिशन आहे. शेअर ९७० ला आला की बरोबर हेजवाल्याचे साधारण ७०० रुपये जातात, याचे ३०,७०० च्या आसपास. मग फोन येतो की गॅमा हेज काही कामाचा नाही.

क्रम कायम हाच ठेवा: आधी ऑप्शनने गॅमा, मग ऑप्शनांच्या सगळ्या डेल्टांची बेरीज, आणि शेअरचा आकडा सगळ्यात शेवटी. उलट केलं तर काम दोनदा करावं लागतं. ऑर्डर टाकताना मात्र एक ध्यानात ठेवा, कॉल घेऊन झाले की शेअर विकायला अर्धा दिवस थांबू नका, मधल्या वेळात तुम्ही हजार शेअर लाँग असता. कॉल लिक्विड नसतील तर एक लॉट घ्या, दोनशे शेअर विका, परत एक लॉट घ्या, असं टप्प्याटप्प्याने करा. एका लॉटचा डेल्टा २०० च आहे, सोयीचं पडतं.

फायदा काय झाला? तीस रुपये हलल्यावर जिथे चार हजार जात होते तिथे आता वर गेला तर साधारण ४००, खाली आला तर ७००. किंमत काय मोजली? दिवसाचा थीटा १,३१७ वरून १७४ वर आला. प्रीमियममध्ये ७३,८८० मिळाले होते आणि ८१,०५० दिले. म्हणजे ज्या कमाईसाठी कॉल विकले होते ती जवळपास संपलीच. यात काही फसवणूक नाही, गॅमा आणि थीटा एकाच पिशवीतून येतात, एक टाकलं की दुसरं जातं. त्यामुळे सगळा गॅमा मारायचा अट्टहास मला पटत नाही. रिझल्ट किंवा कोर्टाचा निकाल असं काही तोंडावर असेल तेवढ्यापुरता घ्या, किंवा अर्धाच घ्या, आणि एवढा गॅमा सोसतच नसेल तर विकलेल्या कॉलचे दोन लॉट परत घेऊन टाकणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

आणखी एक, आता तुमचा व्हेगा उलटा झालाय. आधी आयव्ही वाढली की लॉस होता, आता पुढच्या महिन्याचे कॉल जास्त असल्याने सगळीकडची आयव्ही एक पॉइंट पडली की साधारण १,६०० जातात. प्रत्यक्षात दोन महिन्यांची आयव्ही सारखी हलतही नाही. रिझल्टच्या आधी जवळच्या महिन्याची फुगते आणि लांबची तेवढी फुगत नाही, तेव्हा विकलेला कॉल महागतो आणि घेतलेला तसाच बसतो.

पाचवी तपासणी: एक्स्पायरी किती जवळ आहे

हेज महिनाभर नीट चालला आणि शेवटच्या आठवड्यात फाटला, तर हे बघा. ॲट द मनी कॉलचा गॅमा दिवस कमी होतील तसा वाढत जातो. ३० दिवस असताना रुपयाला ९ शेअर बदलत होते, दोन दिवस उरले आणि शेअर १००० च्या आसपासच घुटमळत असेल तर रुपयाला साधारण ३६. दहा रुपये वर ३६० शेअर घ्या, दहा खाली ३६० विका. शेवटच्या दिवशी तर ९९८ ला लागणारे शेअर शून्य आणि १००२ ला लागणारे २०००, मधे काही नाहीच. पुढच्या महिन्याचे जे कॉल गॅमासाठी घेतले होते त्यांचा गॅमा इतका वाढत नाही, त्यामुळे तो हेजही तेव्हा पुरत नाही.

त्यात ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या स्टॉक ऑप्शनला फिजिकल सेटलमेंट आहे. एक्स्पायरीला कॉल इन द मनी गेला तर तुम्हाला पैशाचा फरक देऊन सुटता येत नाही, ४ लॉटचे २००० शेअर डिलिव्हर करावे लागतात. तुमच्याकडे डेल्टाप्रमाणे ११०० असतील तर ९०० चा खड्डा, आणि ते दिले नाहीत तर ऑक्शन, तिथे भाव तुमच्या हातात नसतो. मार्जिनही शेवटच्या दिवसांत चढतं. माझा नियम साधा आहे: शेअर स्ट्राइकला चिकटलेला असेल तर एक्स्पायरीच्या दोन-तीन दिवस आधी विकलेले कॉल परत घ्यायचे आणि त्याच वेळी हेजचे शेअरही विकायचे. शेवटचा उरलेला थीटा मिळवायच्या नादात हे टाळू नका. ऑप्शन बंद केलं आणि शेअर राहून गेले, हाही प्रकार नेहमीचा आहे.

कधी थांबायचं आणि कोणाला विचारायचं

काही गोष्टी घरी बसून दुरुस्त होत नाहीत.

मार्जिन कमी पडल्याचा मेसेज आला असेल तर हेज नंतर, आधी ब्रोकरच्या रिस्क टीमला फोन. त्यांनी परस्पर पोझिशन कापली तर ते तुमचे कॉल कापतील की हेज कापतील हे तुमच्या हातात नाही, आणि फक्त घेतलेले कॉल विकले गेले तर तुम्ही होतात तिथे परत.

शेअर एफ अँड ओ बॅनमध्ये गेला असेल तर एक्स्पोजर वाढवणारे सौदे चालत नाहीत. गॅमासाठी हवं ते ऑप्शन ऐनवेळी घेता येईलच असं नाही. ऑर्डर टाकून प्रयोग करू नका, ब्रोकरला विचारून घ्या, नाहीतर पेनल्टी बसते.

गॅप डाउन किंवा गॅप अप येऊन गेलाय आणि तिसऱ्या तपासणीतला आकडा खऱ्या लॉसच्या जवळपासही नाही, शिवाय पहिल्या दोन तपासण्यांत काही सापडत नाही, तर नवीन ऑप्शन घेऊन दुरुस्त करायला जाऊ नका. गॅपमध्ये डेल्टा-गॅमाचं गणित तसंही तोकडं पडतं, कारण भाव मोठी उडी मारतो आणि आयव्हीही सोबत उडते. पोझिशन कमी करा आणि सेबीकडे नोंदणी असलेल्या, ऑप्शनमधलं खरंच कळणाऱ्या सल्लागाराला दाखवा. टेलिग्रामवरच्या ॲडमिनला नाही.

कॉर्पोरेट ॲक्शन आलंय, म्हणजे डीमर्जर, राइट्स वगैरे, आणि स्ट्राइक-लॉट कसे बदलणार ते कळत नाहीये, तर एक्स्चेंजचं सर्क्युलर येईपर्यंत हेजचा नवा आकडा काढू नका, ब्रोकरकडून लेखी घ्या.

आणि टॅक्ससाठी सीए. एफ अँड ओचं उत्पन्न बिझनेसमध्ये धरतात पण हेजचे डिलिव्हरी शेअर बिझनेसमध्ये दाखवायचे की कॅपिटल गेनमध्ये, हा प्रश्न मार्चमध्ये नाही, पहिला शेअर घ्यायच्या आधी विचारा, आणि सीएकडे जाताना हेजच्या शेअरची वेगळी यादी घेऊन जा, तारीख, संख्या, भाव आणि त्या वेळी कुठले कॉल उघडे होते ते.